पडून राहिलेला माल कसा शोधायचा: एबीसी, एजिंग आणि मार्चअखेरचा निर्णय

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेब आणि स्टोअर दोन्ही बघतो. मार्च जवळ आला की नवीन लागलेल्या पोरांना एक काम ठरलेलं असतं, "स्लो मूव्हिंगची लिस्ट काढ." पोरगं संगणकातून एजिंग रिपोर्ट, म्हणजे कुठला माल किती दिवसांचा आहे त्याची यादी, काढतं, १८० दिवसांवरच्या ओळी पिवळ्या करतं आणि सीएकडे पाठवून देतं. ही यादी बहुतेक वेळा दोन्हीकडून चुकलेली असते. जो माल खरंच मेलाय तो तिच्यात नसतो आणि जो पुढच्या हंगामात हातोहात जाणार आहे तो पिवळा होऊन बसलेला असतो. असं का होतं आणि यादी नीट कशी काढायची, हे आमच्याच ३१ मार्च २०२५ च्या साठ्यावरून सांगतो. आकडे तेवढे गोल केलेत.

आधी नावं साफ करा

सीमाभागातल्या स्टोअरची ही खास डोकेदुखी आहे. खरेदीचं बिल इंग्रजीत येतं, बिनकार्ड आमचे स्टोअरकीपर मामा कन्नडमध्ये लिहितात आणि शॉपवरचा माणूस मराठीत मागतो. त्यामुळे एकच वस्तू संगणकात ‘कॉपर वॉशर १४’, ‘तांब्याचा वायसर १४’ आणि ‘सीयू वॉशर १४ एमएम’ अशा तीन नावांनी उघडलेली सापडते. आवक एका नावावर पडते, जावक दुसऱ्यावर. मग पहिलं नाव वर्षानुवर्षं हललेलं दिसत नाही आणि दुसऱ्याचा साठा वजा होतो.

म्हणून सगळ्यात आधी वजा शिल्लक असलेल्या ओळी काढा. वजा शिल्लक म्हणजे त्या वस्तूचं जुळं भावंड कुठेतरी अधिक शिल्लक घेऊन पडलंय असं समजा. एचएसएन, म्हणजे जीएसटीचा वस्तू-कोड, आणि माप यावर यादी लावली की जुळी शेजारी येतात. आमच्याकडे या एका कामात ६९० ओळींच्या ६४० झाल्या. "माल हलतच नाही" अशी ज्यांच्याबद्दल ओरड होती त्यातल्या कितीतरी ओळी इथेच गळून पडल्या.

एबीसी दोनदा करा, पण वेगवेगळ्या आकड्यांवर

पुस्तकातलं एबीसी वर्षभराच्या वापराच्या किमतीवर करतात. ज्या थोड्या वस्तूंवर सगळ्यात जास्त पैसा खर्च होतो त्या ए, मधल्या बी, आणि संख्येने ढीगभर पण किमतीने किरकोळ त्या सी. खरेदी कशी करायची, कुठल्या वस्तूवर रोज लक्ष ठेवायचं, हे ठरवायला ती पद्धत चांगली आहे.

पडीक माल शोधायला मात्र ती उलटी पडते. ज्या मालाचा वर्षभरात वापरच झाला नाही, त्याची वापराची किंमत शून्य. म्हणजे अडीच लाखांची नळी पडून असली तरी ती सी वर्गात, आणि तिथेही सगळ्यात तळाला, नट-बोल्टांच्या खाली. सी वर्गाकडे कुणी बघत नाही, कारण बघू नये म्हणूनच तो वर्ग केलेला असतो. तपासणीला "आम्ही ए वर्ग शंभर टक्के मोजला" असं सांगणाऱ्या कारखान्यातही मेलेला माल हाती लागत नाही तो यामुळे.

म्हणून दुसरं एबीसी शिल्लक साठ्याच्या किमतीवर करायचं. एक्सेलमध्ये शिल्लक किंमत `E` रकान्यात घ्या, मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि शेजारी चढत्या बेरजेचा वाटा काढा. आमच्या ६४० ओळींसाठी सूत्रं अशी होती:

```
F2: =SUM(E$2:E2)/SUM(E$2:E$641)
G2: =IF(F2<=0.7,"A",IF(F2<=0.9,"B","C"))
```

एकूण साठा ६२ लाखांचा. त्यात ५८ वस्तूंनी मिळून ४३ लाख ४० हजार अडवले होते, म्हणजे सत्तर टक्के. पुढच्या १३० वस्तूंचे १२ लाख ४० हजार, आणि उरलेल्या ४५२ वस्तूंचे मिळून फक्त ६ लाख २० हजार. ज्यांच्यासाठी गोदामात प्रत्यक्ष जाऊन डोकं लावायचं, त्या या वरच्या ५८. सी वर्गाला मी एक ढोबळ नजर टाकतो आणि सोडून देतो. चाळीस रुपयांच्या ओ-रिंगवर अर्धा दिवस घालवण्यात अर्थ नाही.

शेवटची जावक कधी झाली

आता या यादीला वय जोडायचं. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवखा माणूस त्या हमखास एक करतो. एजिंग रिपोर्ट सांगतो की शिल्लक माल आत येऊन किती दिवस झाले. आपल्याला त्याआधी हवंय ते हे, की ही वस्तू शेवटची बाहेर कधी गेली. मागच्या महिन्यात चुकून पुन्हा मागवलेला मेलेला माल एजिंगमध्ये तीस दिवसांचा तरणाबांड दिसतो. शेवटच्या जावकेची तारीख मात्र खरं सांगते.

जावकेची नोंदवही `Issues` नावाच्या शीटवर घ्या. `A` मध्ये कोड, `C` मध्ये तारीख. मग साठ्याच्या यादीत:

```
H2: =MAXIFS(Issues!C:C,Issues!A:A,A2)
I2: =DATE(2025,3,31)-H2
```

`I` रकान्यात कुठे ४५७४७ दिसलं तर दचकू नका. त्या वस्तूची जावक त्या नोंदवहीत एकदाही नाही, म्हणून `H` मध्ये शून्य आलं आणि एक्सेलने आपली दिनदर्शिका सुरू होते तिथपासून दिवस मोजले. अशा ओळी फार कामाच्या असतात, त्या बाजूला काढा.

नोंदवहीत जावक म्हणून काय धरता तेही पाहा. विक्री आणि उत्पादनाला दिलेला माल एवढंच धरायचं. एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर हलवलेला माल, मोजणीतला फरक मिटवायला टाकलेली नोंद, पुरवठादाराला परत पाठवलेला नमुना, हे गाळायचं. नाहीतर दर मार्चला मोजणीची नोंद पडते आणि मेलेला माल दर मार्चला जिवंत होतो.

मग हद्द कितीची धरायची? सगळीकडे ९० किंवा १८० दिवस ऐकू येतात. आमच्याकडे ते चालत नाही, कारण आमचं निम्मं गिऱ्हाईक साखरेचं. चिकोडी, अथणी, हुक्केरी पट्ट्यातल्या कारखान्यांत ऊस उतरवणारे टिपलर आमच्या सिलिंडरवर चालतात. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि उन्हाळा लागता लागता संपतं. सप्टेंबरअखेर १८० दिवसांची यादी काढली तर टिपलरचा सगळा माल त्यात येतो, आणि महिनाभरात तोच माल मिळत नाही म्हणून कारखान्याचे फोन सुरू होतात. म्हणून आम्ही एक पूर्ण हंगाम, म्हणजे बारा महिने, हीच पहिली हद्द ठेवली. दोन हंगाम गेले तरी हललं नाही तर मग गंभीर. साठ्यावर कर्ज देणाऱ्या बँकेची गोष्ट वेगळी. तिच्या मंजुरीपत्रात किती दिवसांपुढचा साठा धरणार नाही ते लिहिलेलं असतं आणि स्टॉक स्टेटमेंटला तेच पाळावं लागतं. त्या दिवसांचा आणि पडीक मालाची किंमत घटवायला आपण हिशेबात करतो त्या तरतुदीचा काही संबंध नाही.

ए वर्गातल्या ५८ पैकी नऊ वस्तू बारा महिन्यांत हलल्या नव्हत्या. किंमत ७ लाख ८५ हजार.

यादी घेऊन रॅकपाशी जा

ही पायरी सगळे टाळतात. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभं राहायला कुणाला आवडतं? पण सगळ्यात मोठी चूक आम्हाला तिथेच सापडली, आणि तीही नऊच्या यादीबाहेर.

८० मिलिमीटरच्या सिलिंडरचे सील सेट पुस्तकात ११५० होते, प्रत्येकी १८० रुपयांचे. वस्तू चालती होती, दर महिन्याला जावक होती. एजिंग म्हणत होतं सगळा साठा वर्षाच्या आतला. मी दुसऱ्याच कामासाठी त्या रॅकपाशी गेलो होतो. पुढची खोकी स्वच्छ होती. मागे हात घातला तर धुळीने माखलेली पाकिटं लागली. पुसून पाहिलं तर वर छापलेलं, २ क्यू १७. रबर ज्या तिमाहीत घडवलं तिची ती खूण, म्हणजे २०१७ ची एप्रिल ते जून. मोजली तर ४१० पाकिटं.

"मामा, ही आधी का नाही काढली?"

"पुढचं काढायला सोपं पडतंय की साहेब. मागं हात कुठं पोचतोय?"

यात मामांची लबाडी नव्हती, आणि संगणकाचीही नाही. एजिंग रिपोर्ट माल बघत नाही, तो गणित करतो. आधी आलेला माल आधी गेला असं गृहीत धरून शिल्लक ११५० नग अलीकडच्या बिलांना चिकटवतो. प्रत्यक्षात नवा माल पुढे लागत गेला, पुढूनच जात राहिला, आणि २०१७ ची पाकिटं तिथेच राहिली. म्हणून ज्या मालाला मुदत आहे, म्हणजे रबर, रंग, चिकटवायची द्रव्यं, तेल, त्याचं वय रिपोर्टवरून कधीच धरू नका. पाकिटावरून धरा.

या सेटमध्ये पॉलियुरेथेनचे यू-सील आणि नायट्राइलच्या ओ-रिंग असतात. रबराच्या साठवणुकीचं मानक आयएसओ २२३० पॉलियुरेथेनला पाच वर्षं देतं, तपासून आणखी दोन. नायट्राइलला सात आणि तपासून तीन. म्हणजे ओ-रिंगांना अजून थोडा जीव होता, यू-सीलची वाढीव मुदतही २०२४ मध्ये संपली होती. शिवाय ती वर्षं थंड, अंधाऱ्या साठवणुकीसाठी आहेत, तापणाऱ्या पत्र्याखालच्या रॅकसाठी नव्हेत. एक यू-सील बोटात दुमडून पाहिला तर वाकल्या जागी बारीक चिरा पडल्या. प्रश्नच मिटला.

विकून हातात किती येतील

तरतूद करायची की राइट-ऑफ, हे ठरवताना वयावर टक्के लावायची सवय फार आहे. एक वर्ष झालं पंचवीस टक्के, दोन झाली पन्नास, तीन झाली शंभर. महिन्याच्या अंदाजाला हे ठीक. पण वर्षअखेरच्या ताळेबंदात लेखामानक एएस-२ वेगळंच विचारतं. साठा खरेदी किमतीला किंवा निव्वळ विक्रीमूल्याला, जे कमी असेल त्याला दाखवा, आणि हे शक्यतो वस्तूगणिक करा. निव्वळ विक्रीमूल्य म्हणजे विकून येणारी रक्कम, वजा तो माल पुरा करायचा आणि विकायचा खर्च. आयकरासाठीचं आयसीडीएस-२ सुद्धा हेच सांगतं. त्यामुळे वस्तूगणिक पुरावा ठेवून कमी केलेली किंमत टिकते. "सरसकट पंचवीस टक्के" अशी तरतूद नफ्यात परत मिळवली जाण्याची तयारी ठेवावी लागते.

आमच्या यादीतल्या दोन वस्तूंवरून हे लगेच कळेल.

पहिली, ८० बोअरची, म्हणजे आतून ८० मिलिमीटर व्यासाची, हॉन्ड ट्यूब, १६०० किलो, किलोला १५० रुपये, म्हणजे २ लाख ४० हजार. चौदा महिने जावक नाही. कारण शोधलं तर एका मोठ्या गिऱ्हाइकाने डिझाइन बदलून ९० बोअर केलं होतं. काका, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "बोअर वाढवून वापरू की, त्यात काय." ट्यूबचा बाहेरचा व्यास ९५, म्हणजे भिंत साडेसात मिलिमीटर. बोअर ९० केलं तर भिंत उरते अडीच, ती त्या दाबाला टिकणार नाही. वापराचा रस्ता बंद, मग उरली विक्री. कोल्हापूरच्या एका सिलिंडरवाल्याने किलोला ११० चं लेखी कोटेशन दिलं, पोचवायचा खर्च किलोला ४. निव्वळ विक्रीमूल्य १०६, घट किलोमागे ४४, एकूण ७० हजार ४००. एवढीच तरतूद. टक्क्यांच्या तक्त्याने ६० हजार आले असते, आणि ते कशावरून असं विचारलं असतं तर आमच्याकडे उत्तर नसतं. मे महिन्यात त्याच भावाने माल गेला. ताळेबंदावर सही व्हायच्या आधी झालेली अशी विक्री ३१ मार्चच्या किमतीचा सगळ्यात चांगला पुरावा, तिचं बिल फाइलला लावायचं.

इथे एक अट लक्षात ठेवा. कच्च्या मालाचा बाजारभाव पडला म्हणून लगेच त्याची किंमत कमी करायची नसते. त्यापासून होणारं सिलिंडर लागत खर्चाला किंवा त्याहून जास्त किमतीला विकलं जाणार असेल तर कच्चा माल खरेदी किमतीलाच राहतो. आमच्या ट्यूबपासून आता सिलिंडर होणारच नव्हतं, म्हणून तिला विक्रीचा भाव लागला.

दुसरी, बारा गिअर पंप, प्रत्येकी साडेनऊ हजार, मिळून १ लाख १४ हजार. सव्वीस महिने हलले नव्हते. तक्त्याने अर्धी किंमत उडवली असती. पण हे पंप आम्ही बसवलेल्या टिपलरचे आहेत, ती यंत्रं अजून चालू आहेत आणि पंप गेला तर कारखाना हंगामात नवा मिळेपर्यंत थांबत नाही. पुरवठादाराच्या चालू यादीत हाच पंप आजही खरेदीपेक्षा जास्त भावाला आहे. म्हणून तरतूद शून्य. हा निर्णय तोंडी ठेवला नाही. कुठल्या कारखान्यात किती यंत्रं चालू आहेत त्याची यादी आणि भावपत्रक टाचून ठेवलं. "लागेल कधीतरी" हे कारण मी लिहू देत नाही, कारण ते प्रत्येक वस्तूला लागू पडतं.

नोंद कशी करायची आणि जीएसटी कुठे आडवा येतो

फरक साधा आहे. माल आहे, कुणीतरी काहीतरी देईल, पण खरेदीपेक्षा कमी: तरतूद. माल वापरायच्याही लायकीचा नाही आणि विकायच्याही: राइट-ऑफ. ट्यूब पहिल्यात, ४१० सील सेट दुसऱ्यात.

सेटची किंमत ७३ हजार ८००. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा राइट-ऑफ केलेल्या मालाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, घेतलं असेल तर परत करावं लागतं. १८ टक्क्यांनी १३ हजार २८४. म्हणजे खरा फटका ८७ हजार ८४.

परत करताना मूळ बिल काढून बघायलाच हवं, आणि बेळगावात तर जास्तच. सील कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून डिसेंबर २०१७ मध्ये घेतलेले, म्हणजे क्रेडिट आयजीएसटीचं. तोच माल बेळगावच्या दुकानातून घेतला असता तर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे निम्मे. राज्याची हद्द जवळच असल्यामुळे एकाच वस्तूची काही बिलं इकडची आणि काही तिकडची असतात. ज्या खात्यात क्रेडिट घेतलं त्याच खात्यातून `GSTR-3B` च्या तक्ता `4(B)(1)` मध्ये ते परत दाखवायचं.

ट्यूबचं तसं नाही. ती स्वस्तात का होईना, कर लावून विकली. तरतूद केली म्हणून माल राइट-ऑफ होत नाही, त्यामुळे तिचं क्रेडिट शाबूत राहिलं. म्हणून भंगाराच्या भावाने का होईना, विकता येणारा माल कागदोपत्री शून्य करून गोदामात ठेवू नका. बिल करून विका.

टॅलीत नोंदताना एक खड्डा आहे. साठा आणि हिशेब एकत्र जोडलेले असतील तर `Stock Journal` मधून ४१० सेट कमी केल्याबरोबर अखेरचा साठा घटतो आणि नफा आपोआप तेवढा कमी होतो. त्यावर पुन्हा खर्च नावे, तरतूद जमा अशी जर्नल नोंद टाकली की तेच ७३ हजार ८०० दोनदा वजा होतात. नुकसान वेगळ्या ओळीत दाखवायचं असेल तर ‘मुदतबाह्य माल’ खातं नावे आणि खरेदी खातं जमा करा, एकूण नफ्यात फरक पडत नाही. तरतुदीचं उलट आहे. तिथे माल संगणकात खरेदी किमतीलाच राहतो, म्हणून जर्नल नोंदच लागते, आणि माल विकला की ती तरतूद उलटवायची. आमच्या आधीच्या माणसाने दोन वर्षं उलटवली नव्हती. विकून गेलेल्या मालाची तरतूद ताळेबंदात तशीच बसून होती.

राइट-ऑफच्या कागदावर मालकांची सही, मोजलेले नग, पाकिटांचे फोटो आणि माल कसा नष्ट केला ते लिहा. जीएसटीच्या साठा नोंदवहीतही राइट-ऑफ झालेला माल वेगळा दाखवावा लागतो. आम्ही यू-सील कात्रीने कापले, सगळे ४१०, कारण अख्खा राहिलेला जुना सील गर्दीच्या दिवशी कुणीतरी सिलिंडरमध्ये घालतोच.

सीलचं रॅक आता भिंतीपासून दीड हात पुढे ओढलंय. नवी खोकी मागच्या बाजूने लावतात आणि काढतात पुढून. मामांनी प्रत्येक खोक्यावर तिमाही आणि वर्ष मोठ्या अक्षरात लिहायला सुरुवात केली आहे, कन्नड आकड्यांत. मी ते वाचायला शिकलो.